रेझ्युमेवरचं काफ्का आणि मुलाखतीतले खोलातले प्रश्न

कळव्याची_मृण्मयी

नमस्कार मंडळी. मी बॅकएंडला आहे, जावा आणि स्प्रिंग बूट, चार-साडेचार वर्षांचा अनुभव. सध्याचं ऑफिस महापेला, आता दुसरीकडे बघतेय. ऐरोलीतल्या एका कंपनीत टेक्निकल राउंड झाला. रेझ्युमेवर तीन प्रोजेक्ट आहेत, पण मुलाखत घेणाऱ्यांनी पहिल्यावर बोट ठेवलं आणि शेवटपर्यंत तिथून हलले नाहीत.

प्रोजेक्ट असा आहे. पॅथॉलॉजी लॅबची एक साखळी, ठाणे, कल्याण, नवी मुंबई मिळून १४ कलेक्शन सेंटर, दिवसाला साधारण ३,००० रिपोर्ट. पॅथॉलॉजिस्टने रिपोर्टवर सही केली की पेशंटला एसएमएस आणि ईमेल जातो, शिवाय ज्या डॉक्टरांनी पाठवलं त्यांना सूचना जाते. सही झाली की काफ्कावर एक इव्हेंट पडतो आणि तिथून वेगवेगळे कन्झ्युमर आपापलं काम करतात.

प्रश्नांची गाडी अशी गेली: काफ्का का? मी म्हटलं, स्केलसाठी. स्केल म्हणजे सेकंदाला किती? मग डेटाबेसमधला एक टेबल का नाही पुरला? एकाच पेशंटला दोन एसएमएस गेले तर? गेले हे तुम्हाला कळणार कसं? सहा पार्टिशन का, चार का नाहीत?

काफ्का घ्यायचं मी जॉइन होण्याआधीच ठरलं होतं, लीडने ठरवलं. पुढची मुलाखत तुर्भ्याला आहे. जो निर्णय आपण घेतलाच नाही त्याची बाजू कशी मांडायची? की रेझ्युमेवरून काफ्का काढूनच टाकू?

---

खारघरचा_केदार

माझाही हाच प्रश्न आहे. फायनल इयरचा प्रोजेक्ट चौघांचा होता, चेहरा ओळखून हजेरी. मी फक्त रिपोर्ट लिहिला आणि फ्लास्कचं पान बनवलं. तो रेझ्युमेवर टाकावा का? कॉलेजमध्ये सगळेच टाकतायत.

---

नौपाडाकर

मृण्मयीताई, काढू नका. काढलं तर पुढचा माणूस विचारेल की ३,००० रिपोर्टचे मेसेज जातात कसे, आणि तुम्ही परत तिथेच याल.

मी गेली बरीच वर्षं मुलाखती घेतोय, म्हणून टेबलाच्या पलीकडून काय ऐकू येतं ते सांगतो. ‘स्केलसाठी’ हे उत्तर तुमच्याच आकड्यांसमोर टिकत नाही. गणित करून बघा. लॅबमध्ये सकाळी सॅम्पल येतात आणि सह्या मुख्यतः संध्याकाळी होतात. समजा ३,००० पैकी १,८०० रिपोर्ट पाच ते आठच्या दरम्यान निघाले. तीन तास म्हणजे १०,८०० सेकंद. म्हणजे गर्दीच्या वेळीसुद्धा सहा सेकंदांना एक रिपोर्ट. प्रत्येकाचे तीन मेसेज धरले तरी दोन सेकंदांना एक. एवढ्यासाठी काफ्का लागत नाही, हे समोरच्याला तुम्ही आकडा सांगितल्याक्षणी कळलेलं असतं. त्याला बघायचं असतं ते एवढंच, की तुम्हाला कळलंय का.

तेव्हा आधी मला सांगा. काफ्का यायच्या आधी मेसेज कसे जायचे, आणि काय बिघडलं म्हणून बदललं? ते वाचणारे कन्झ्युमर किती आहेत? आणि क्लस्टर कोण सांभाळतं?

---

घणसोली_फास्ट

मृण्मयी, दोन एसएमएसच्या प्रश्नाला सरळ ‘एग्झॅक्टली वन्स’ म्हणून मोकळी हो. आमच्याकडे हेच झालेलं. विम्याच्या हप्त्याचे रिमाइंडर होते. एका संध्याकाळी एसएमएस गेटवे तासभर बंद पडला, आणि परत सुरू झाल्यावर लोकांना तोच मेसेज तीन-तीनदा गेला. फोनवर फोन. मी `enable.idempotence=true` केलं, त्यानंतर एकदाही झालं नाही. मुलाखतीत हेच सांगतो, पुढे कोणी विचारत नाही.

---

सीवूड्सची_स्मिता

डीबीए म्हणून माझं मत सरळ आहे. दोन सेकंदांना एक मेसेज असेल तर पोस्टग्रेसमधला एक टेबल पुरतो. ९.५ व्हर्जनपासून, म्हणजे २०१६ पासून, `SKIP LOCKED` आहे:

```sql
SELECT id, payload
FROM outbox
WHERE sent_at IS NULL
ORDER BY id
LIMIT 20
FOR UPDATE SKIP LOCKED;
```

तीन-चार वर्कर एकाच वेळी हे चालवू शकतात. एकाने लॉक केलेली रो दुसऱ्याला दिसतच नाही, तो पुढची उचलतो. आणखी एक फायदा आहे, जो मला सगळ्यात मोठा वाटतो: रिपोर्टची सही आणि ही रो एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये पडतात. सही झाली आणि इव्हेंट हरवला, असं होऊच शकत नाही. काफ्कात ते तुम्हाला वेगळं सांभाळावं लागतं.

मुलाखतीत सांगून टाका की आज परत करायचं झालं तर मी टेबलवर केलं असतं. प्रामाणिक उत्तराला मान मिळतो.

---

कोपरखैरणे_कट्टा

मला हा सगळा प्रकारच पटत नाही. तास-तासभर दुसऱ्या कंपनीच्या सिस्टीमचं पोस्टमॉर्टेम करायचं, आणि आपण आपल्या क्लायंटचे आकडे तिथे सांगायचे? आपण सही केलेल्या करारात हे बसतं का? काही जण तर फुकटात डिझाइन काढून घेतात असं माझं स्पष्ट मत आहे.

---

कळव्याची_मृण्मयी

@नौपाडाकर सर, उत्तरं देते.

आधी सही करण्याच्या स्क्रीनवरूनच थेट एसएमएस गेटवेला कॉल जायचा. गेटवे हळू झाला की स्क्रीन अर्धा-अर्धा मिनिट अडकायचा आणि पॅथॉलॉजिस्ट वैतागून परत बटण दाबायचे. म्हणून मेसेजचं काम वेगळं काढलं. हा भाग माझ्या आधीचा, पण तिकिटं वाचून मला माहीत आहे.

कन्झ्युमर ग्रुप तीन: एसएमएस, ईमेल, डॉक्टर. नंतर डॉक्टरांचं पोर्टल आलं तेव्हा चौथा ग्रुप जोडला, तो मी जोडला. त्यांना मागचा आठवडाही हवा होता. टॉपिकवर सात दिवसांचं रिटेन्शन डिफॉल्टच होतं, त्यामुळे पोर्टलने सुरुवातीपासून वाचलं आणि बाकी कुठल्याही कोडला हात लावावा लागला नाही.

क्लस्टर आमचं नाही. कंपनीत बिलिंगसाठी आधीपासून होतं, प्लॅटफॉर्मची टीम सांभाळते. आम्ही फक्त टॉपिक मागून घेतला.

---

नौपाडाकर

आता बघा, तुमच्याकडे उत्तर आहे, आणि त्यात ‘स्केल’ हा शब्द कुठेच नाही.

रांग कशासाठी हवी होती? गेटवेच्या संथपणाचा त्रास सही करणाऱ्या माणसाला होऊ नये म्हणून. ते कुठल्याही रांगेने झालं असतं, स्मिताताईंच्या टेबलनेसुद्धा, आणि हे तुम्ही स्वतःहून म्हणायचं. मग काफ्काच का? एकच इव्हेंट चार जण आपापल्या वेगाने वाचतात, कोणी मागे पडला तरी दुसऱ्याला फरक पडत नाही, आणि नवा आला तर मागचं वाचू शकतो. शिवाय क्लस्टर आयता होता, त्यामुळे चालवण्याचा बोजा टीमवर आला नाही. क्लस्टर स्वतः उभं करावं लागलं असतं तर एवढ्याशा भारासाठी हा निर्णय चुकीचा ठरला असता. हे शेवटचं वाक्य जरूर बोला, कारण निर्णय कुठल्या अटीवर उभा आहे ते त्यातून दिसतं.

निर्णय लीडचा होता, तर तसंच सांगा. मुलाखतीत माझा कान ‘आम्ही’ या शब्दावर असतो. ‘आम्ही काफ्का निवडलं, आम्ही पार्टिशन ठरवले, आम्ही रिट्राय लिहिले’ असं ऐकलं की मी विचारतो, यातलं तुम्ही काय केलंत? तो प्रश्न येण्याआधीच वाटणी करून टाकावी. हे ठरलेलं होतं, त्यामागचं कारण मला हे माहीत आहे. हे आणि हे मी ठरवलं.

केदार, तुझ्यासाठीही हेच. पान तू बनवलंस तर तेवढंच लिही. हजेरीचं पान तरी नीट सांगता येईल: एकाच मुलाची हजेरी दोनदा लागली तर काय होतं, नेट गेलं तर काय होतं. मॉडेल तुझं नाही, तर त्याच्या अचूकतेचा आकडा तुझ्या ओळीत नको.

@घणसोली_फास्ट, तुमचं निदान मला पटत नाही. संध्याकाळी सविस्तर लिहितो, आता ठाण्याला उतरायचंय.

---

पाचपाखाडी_पॅथ

मी सॉफ्टवेअरमधली नाही, लॅबमध्ये आहे. धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय.

तुम्ही सगळे दोनदा एसएमएस गेला तर काय, यावर बोलताय. आमच्या बाजूने तो त्रासच आहे, पण त्याने कोणाचं बिघडत नाही. बिघडतं ते सुधारित रिपोर्टमध्ये. सही झाल्यावर कधी लक्षात येतं की युनिट चुकलंय किंवा सॅम्पल परत लावायला हवं. मग दुरुस्त रिपोर्ट निघतो. पेशंटच्या हातात जुना राहिला आणि तोच घेऊन तो डॉक्टरकडे गेला, तर? मुलाखतीत मी असते तर मृण्मयीला हाच प्रश्न विचारला असता.

दुसरं म्हणजे, पोटॅशियम ६.८ आलं तर आम्ही एसएमएसची वाट बघत नाही. डॉक्टरांना फोन जातो आणि कोणाशी, किती वाजता बोललो त्याची नोंद होते. तेव्हा तुमच्या रांगेवर कोणाचा जीव अवलंबून आहे असं उगाच सांगू नका. लॅबमधला कोणी समोर असेल तर त्याला लगेच कळेल.

---

सीवूड्सची_स्मिता

पाचपाखाडी, मस्त मुद्दा. मृण्मयी, मेसेजची की काय ठेवली आहे? की दिलीच नसेल तर मूळ आणि सुधारित रिपोर्ट वेगवेगळ्या पार्टिशनवर जातील आणि सुधारित आधी पोचू शकेल.

---

कळव्याची_मृण्मयी

की `report_id` आहे, ती मी बदलून घेतली. आधी सेंटरचा कोड होता. त्यात अडचण अशी की ठाणे स्टेशनजवळच्या सेंटरचं काम बाकीच्यांच्या कितीतरी पट आहे, त्यामुळे एकाच पार्टिशनवर ढीग आणि बाकीचे रिकामे. `report_id` ठेवल्यावर भार पसरला, आणि एका रिपोर्टचे सगळे इव्हेंट एकाच पार्टिशनवर क्रमाने राहिले.

पण पाचपाखाडीताईंच्या प्रश्नाचं खरं उत्तर क्रमात नाहीये. पाठवताना एखादा मेसेज फसला की तो आमच्याकडे रिट्रायच्या टॉपिकवर जातो, म्हणजे तिथे क्रम मोडतोच. म्हणून मेसेजमध्ये पीडीएफ जात नाही, लिंक जाते, आणि लिंक उघडली की नेहमी शेवटचं व्हर्जन दिसतं. पहिल्या एसएमएसची लिंक उघडली तरी सुधारितच रिपोर्ट येतो, वर ‘सुधारित’ असा शिक्का. ज्याने आधीच प्रिंट काढलीय त्याच्यासाठी मात्र आमच्याकडे दुसऱ्या एसएमएसपलीकडे काही नाही.

---

पाचपाखाडी_पॅथ

प्रिंटवाल्याला आम्ही फोन करतो. ते सिस्टीमचं काम नाही, आमचं आहे. लिंकची युक्ती आवडली.

---

नौपाडाकर

@घणसोली_फास्ट, आता तुमच्या केसवर. तुमचं निम्मं बरोबर आहे: दोनदा जाणं हा डिलिव्हरीच्या हमीचाच प्रश्न आहे. पण `enable.idempotence` ही प्रोड्युसरची सेटिंग आहे. प्रोड्युसरने ब्रोकरला मेसेज दिला, पोच मिळाली नाही म्हणून परत दिला, तर टॉपिकवर त्याच्या दोन प्रती होऊ नयेत, एवढंच ती बघते. काफ्का ३.० पासून ती डिफॉल्टनेच चालू असते. तुमच्या टॉपिकवर मेसेज बहुधा एकदाच होता. तो तीनदा वाचला गेला.

कसा, ते सांगतो. `max.poll.records` डिफॉल्ट ५००, `max.poll.interval.ms` डिफॉल्ट ३,००,०००, म्हणजे पाच मिनिटं. एरवी दर पोलला तुमच्या हातात दोन-चार मेसेज येतात, चुटकीसरशी संपतात, म्हणून महिनोन्महिने काही दिसत नाही. गेटवे तासभर बंद राहिला की मागे ढीग साठतो. गेटवे सुरू झाल्यावर पहिल्याच पोलला पूर्ण ५०० येतात. एका एसएमएसला एक सेकंद धरा, ५०० सेकंद झाले. तीनशेव्या सेकंदाला काफ्का समजतो की हा कन्झ्युमर अडकला, त्याला ग्रुपमधून काढतो आणि पार्टिशन दुसऱ्याला देतो. स्प्रिंगमध्ये ऑफसेट डिफॉल्टने बॅच पूर्ण संपल्यावर कमिट होतो, आणि ही बॅच तर संपलेलीच नाही. दुसरा कन्झ्युमर तेच ५०० पहिल्यापासून पाठवायला घेतो. त्याचंही तेच होतं. तीन-तीनदा गेलं म्हणताय, ते या हिशोबात चपखल बसतं.

ओळखायचं कसं? लॉगमध्ये `consumer poll timeout has expired` शोधा. त्याच्या आसपास ग्रुपचं रिबॅलन्सिंग दिसेल, आणि एसएमएस जात असूनही लॅग कमी होताना दिसणार नाही. तुमच्याकडे परत झालं नाही, कारण गेटवे परत तासभर बंद पडला नसावा.

उपाय फार मोठा नाही. गेटवेच्या कॉलला ५ सेकंदांचा टाइमआउट लावायचा आणि `max.poll.records` ५० करायचे. सगळ्यात वाईट वेळी ५० गुणिले ५, म्हणजे २५० सेकंद. तीनशेच्या आत.

आणि ‘एग्झॅक्टली वन्स’ म्हणून मोकळं होऊ नका. काफ्काचे ट्रान्झॅक्शन २०१७ मध्ये ०.११ व्हर्जनला आले, पण ते काफ्कातून वाचून काफ्कातच लिहिण्यापुरते आहेत. एसएमएस गेटवे त्या कुंपणाबाहेर आहे. तिथे गेलेला मेसेज कोणी मागे घेऊ शकत नाही.

---

घणसोली_फास्ट

जुने लॉग आर्काइव्हला आहेत, काढायला सांगितलेत. पण सर, आमच्याकडे तेव्हा प्रोड्युसरही रिट्राय करत होता, तेही कारण असू शकतं ना? दोन्ही एकत्र?

---

नौपाडाकर

असू शकतं. टॉपिकवर त्याच हप्त्याच्या दोन ऑफसेट दिसल्या तर प्रोड्युसर, एकच दिसली तर कन्झ्युमर. लॉगच सांगेल, मी नाही.

---

कळव्याची_मृण्मयी

आमच्याकडे दोनदा जाऊ नये म्हणून पाठवण्याआधी नोंद होते. हा भाग पूर्ण माझा आहे:

```sql
INSERT INTO notification_log
  (report_id, version, channel, status)
VALUES (?, ?, ?, 'PENDING')
ON CONFLICT (report_id, version, channel) DO NOTHING;
```

एक रो पडली तर पाठवायचं, शून्य पडली तर आधी कोणीतरी घेतलंय म्हणून सोडायचं. गेला की `SENT`. ऐरोलीच्या मुलाखतीत इथवर मी व्यवस्थित सांगितलं होतं. मग त्यांनी विचारलं: रो पडली, आणि एसएमएस जायच्या आधी प्रोसेस मेली तर? मी म्हटलं, दर पंधरा मिनिटांनी एक जॉब चालतो, तो दहा मिनिटांपेक्षा जुने `PENDING` परत पाठवतो. ते म्हणाले, म्हणजे एसएमएस गेला पण `SENT` लिहायच्या आधी मेली, तर दोनदा जाणारच की.

---

सीवूड्सची_स्मिता

जाणारच. ते म्हणणार, आणि तुम्ही हो म्हणायचं. नोंद आणि एसएमएस या दोन वेगळ्या जगातल्या गोष्टी आहेत, त्यांच्यामध्ये कुठेतरी फट राहतेच. एकतर कधी हरवेल किंवा कधी दोनदा जाईल, यातलं कुठलं चालेल ते तुम्ही निवडता.

---

नौपाडाकर

आणि ती निवड कशावरून केली ते पाचपाखाडीताईंनी वर एका वाक्यात सांगितलंय: दोनदा गेला तर त्रास, त्याने कोणाचं बिघडत नाही. रिपोर्ट तयार असल्याचं पेशंटला कळलंच नाही, तर तो दोन दिवस वाट बघत बसेल. म्हणून दोनदा चालेल, हरवलेला नाही. हेच ओटीपी किंवा बँकेतून पैसे वळते करण्याचं असतं तर निवड वेगळी झाली असती. मुलाखत घेणाऱ्याला फट बुजवलेली बघायची नसते. ती कुठे आहे, किती रुंद आहे आणि तिथेच का ठेवली, हे ऐकायचं असतं.

फट अरुंद करता येते. काही गेटवे तुमचा स्वतःचा संदर्भ क्रमांक घेतात आणि तोच परत आला तर मेसेज पुन्हा पाठवत नाहीत. तुमचा गेटवे तसा असेल तर `report_id`, व्हर्जन आणि चॅनेल जोडून तो क्रमांक करा. नसेल, तर चौकशी केली होती आणि सोय नव्हती, असं सांगा.

आता मी एक विचारतो. सही डेटाबेसमध्ये झाली आणि काफ्कावर इव्हेंट टाकायच्या आधीच सर्व्हर गेला. मग?

---

कळव्याची_मृण्मयी

तोच पंधरा मिनिटांचा जॉब. सही होऊन पंधरा मिनिटं झाली आणि `notification_log` मध्ये नोंदच नाही, असे रिपोर्ट तो शोधतो आणि इव्हेंट परत टाकतो. उलटं होऊ नये, म्हणजे सही रोलबॅक झाली आणि इव्हेंट मात्र गेला, म्हणून इव्हेंट कमिट झाल्यावरच टाकतो, `@TransactionalEventListener` वापरून.

---

सीवूड्सची_स्मिता

म्हणजे आउटबॉक्स टेबल नाही, झाडू मारणारा जॉब. मी आउटबॉक्स केला असता. पंधरा ते तीस मिनिटं उशीर का सहन करायचा?

---

नौपाडाकर

मी नसता केला. सर्व्हर नेमका त्या क्षणी जाणं वर्षातून क्वचित होणार, आणि `PENDING` साठी जॉब तसाही लिहावा लागलाच होता. त्याच जॉबने दोन्ही भागतं. लॅब पेशंटला ‘संध्याकाळपर्यंत रिपोर्ट’ असं सांगते, त्यात अर्धा तास बसतो.

आणि टेबलवर केलं असतं असं त्यांनी मुलाखतीत म्हणावं, हेही मला पटत नाही. चार वाचणारे आहेत. टेबलमध्ये प्रत्येकासाठी वेगळी रो किंवा वेगळी खूण लागेल, आणि मागचं वाचणं हाताने लिहावं लागेल. कारणं खरी असताना माघार घेतली की ऐकणाऱ्याला वाटतं, दबाव आला म्हणून मत बदललं.

---

सीवूड्सची_स्मिता

चार वाचणारे आज आहेत. निर्णय झाला तेव्हा तीन होते आणि तिघेही मेसेजच पाठवत होते. तिघांसाठी `channel` चा एक कॉलम पुरला असता. पोर्टल येणार हे तेव्हा कोणाला माहीत होतं? नंतर उपयोगी पडलं म्हणून निर्णय तेव्हा बरोबर होता, असं होत नाही. मी समोर असते तर इथेच पकडलं असतं.

---

नौपाडाकर

तो मुद्दा मान्य. मग उत्तरात काळ नीट लावायला हवा: तेव्हा कारण होतं आयता क्लस्टर, मागचं वाचण्याचा फायदा नंतर मिळाला. माघार घ्यावी का, यावर मात्र माझं मत तेच आहे.

---

कोपरखैरणे_कट्टा

माझ्या करारनाम्याच्या प्रश्नाला बगल दिलीत सगळ्यांनी.

---

पाचपाखाडी_पॅथ

कट्टा, तुमचा प्रश्न रास्त आहे. आमच्या साखळीचं नाव आणि सेंटरवार आकडे कोणी बाहेर सांगितलेले मला आवडणार नाहीत. ‘एक मध्यम लॅब, दिवसाला काही हजार रिपोर्ट’ एवढ्याने काम भागत नाही का?

---

नौपाडाकर

भागतं. मला सेकंदाला अर्धा की पाच हजार, एवढाच फरक कळायला हवा असतो. नाव विचारलं तर सांगता येणार नाही म्हणावं, त्यावर कोणी अडून बसू नये. फुकटात डिझाइन काढून घेतात, याबद्दल मात्र माझ्याकडे उत्तर नाही. मी तसं करत नाही एवढंच सांगू शकतो.

---

कळव्याची_मृण्मयी

सगळ्यांचं वाचून सुरुवातीची दोन मिनिटं अशी बांधलीय. प्रत्यक्षात इंग्रजीत बोलेन:

‘मध्यम आकाराच्या लॅबसाठी रिपोर्टच्या सूचना पाठवणारी सेवा. गर्दीच्या वेळी सहा सेकंदांना एक रिपोर्ट, म्हणजे भार थोडा आहे. अडचण वेगाची नव्हती, एसएमएस गेटवेच्या भरवशाची होती. तो अडकला की सही करणारे डॉक्टर अडकायचे. मी आले तेव्हा काफ्का ठरलेलं होतं, कारण कंपनीत क्लस्टर चालू होता. क्लस्टर नसता तर एवढ्या भाराला पोस्टग्रेसचा टेबल पुरला असता. माझ्याकडे तीन गोष्टी होत्या: मेसेजची की बदलणं, एकच सूचना दोनदा जाऊ नये म्हणून नोंदीचा टेबल, आणि हरवलेल्या सूचना शोधणारा जॉब. क्वचित एखादा एसएमएस दोनदा जाऊ शकतो, ते आम्ही जाणून ठेवलं, कारण न जाणं जास्त वाईट होतं.’

---

खारघरचा_केदार

ताई, हे मी सेव्ह केलं. माझ्या हजेरीच्या पानाला पण अशीच तीन वाक्यं लिहायला बसलोय. नेट गेलं तर काय होतं ते बघायला काल वायफाय बंद करून फॉर्म भरला. हजेरी गेलीच नाही आणि पानावर काही दिसलंही नाही. आधी ते दुरुस्त करतो.

---

सीवूड्सची_स्मिता

छान बांधलंय, मृण्मयी. पण पहिल्या पोस्टमधला एक प्रश्न राहिलाच. सहा पार्टिशन का? तो तुर्भ्यालाही येईल.

---

कळव्याची_मृण्मयी

तो आकडा लीडने दिलेला आहे, पण काल रात्री त्याचं गणित मांडून बघितलं. चुकत असेल तर सांगा.

एका ग्रुपमध्ये जितके पार्टिशन तितकेच कन्झ्युमर एका वेळी काम करू शकतात. नेहमीच्या दिवशी एक पुरतो. पण गेटवे तासभर बंद पडला तर संध्याकाळच्या गर्दीत ६०० एसएमएस साठतात. परत आल्यावर गेटवे बऱ्याचदा संथच असतो. प्रत्येकाला ५ सेकंद धरले, आणि इकडे दर ६ सेकंदांना नवा येतोय. एकटा कन्झ्युमर असेल तर तीस सेकंदांत सहा पाठवतो आणि पाच नवे येतात, म्हणजे ढीग एकाने कमी होतो. ६०० गुणिले ३० सेकंद, पाच तास. गर्दी आठला ओसरते म्हणून प्रत्यक्षात तितके लागणार नाहीत, पण रात्र होईल. सहा कन्झ्युमर असतील तर तीस सेकंदांत छत्तीस जातात, पाच येतात. दहा मिनिटांत मोकळं.

नंतर पार्टिशन वाढवले तर त्याच कीचे मेसेज वेगळ्या पार्टिशनवर जायला लागतात, म्हणून आधीच थोडे जास्त ठेवलेले बरे. चारही चालले असते, सोळा मिनिटांत मोकळं झालं असतं. सहाच का, चार का नाहीत, याला माझ्याकडे याहून पक्कं कारण नाही, आणि तसंच सांगणार आहे.

---

सीवूड्सची_स्मिता

गणित बरोबर आहे. फक्त गेटवेवाल्याची एका वेळच्या कनेक्शनची मर्यादा विचारून घ्या. ती तीनच असेल तर सहापैकी तिघे नुसते ताटकळत बसतील.

---

कळव्याची_मृण्मयी

हे डोक्यातच आलं नव्हतं. उद्या ऑफिसला गेल्यावर गेटवेचं डॉक्युमेंट उघडते.

---

घणसोली_फास्ट

लॉग मिळाले. `consumer poll timeout has expired` त्या संध्याकाळी दर पाच मिनिटांनी आहे. टॉपिकवर ऑफसेट एकच आहे की दोन, ते आता बघता येणार नाही, सात दिवसांनंतर सगळं पुसलं गेलंय. `max.poll.records` ५० करायचं तिकीट टाकलंय.